मुदत कोणाची संपते? कंपन्यांच्या आयटी प्रमाणपत्रांविषयी

३१ जानेवारी २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने एमसीएसए, एमसीएसडी आणि एमसीएसई या मालिकांच्या उरलेल्या परीक्षा बंद केल्या. एमसीएसई ही चार अक्षरे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्याकडच्या संगणक क्लासच्या पाट्यांवर ठळकपणे झळकत होती, आणि ती बायोडेटात असली की मुलाखतीचे बोलावणे येईल अशी अपेक्षा असे. परीक्षा बंद झाल्या त्या दिवशी कुणाच्या हातातले प्रमाणपत्र कंपनीने काढून घेतले नाही. जुनी नोंद कंपनीच्या अभिलेखात राहिली, मात्र कालांतराने ती चालू प्रमाणपत्रांच्या यादीतून निघून निष्क्रिय प्रमाणपत्रांच्या यादीत गेली. मग प्रमाणपत्र 'गेले' म्हणायचे की नाही? ज्याने ते मिळवले त्याच्या दृष्टीने ते आहे. आज नव्याने मिळवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते नाही. आणि आपल्याकडे किती प्रमाणित माणसे आहेत हे मायक्रोसॉफ्टला दाखवून भागीदाराचा दर्जा मागणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने ते असून नसल्यासारखे आहे. एका कागदाची एकाच वेळी अशी तीन उत्तरे मिळतात, म्हणूनच या विषयावर नाराजी पुष्कळ आणि स्पष्टता कमी आढळते. आयटी कंपन्यांच्या प्रमाणन परीक्षांना मुदत का असते, नूतनीकरण कसे चालते आणि जुनी पात्रता का गळून पडते, याची मांडणी या प्रस्तावनेत केली आहे. तिच्यातले म्हणणे थोडक्यात असे: बदलत्या वस्तूविषयीची साक्ष कधीतरी संपणारच, तिला मुदत असण्यात अन्याय नाही. न्याय-अन्यायाचा प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे ती मुदत कशाला बांधली आहे आणि नूतनीकरणाच्या वेळी नेमके काय तपासले जाते.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. कंपनीच्या प्रमाणपत्राभोवती तीन वेगवेगळ्या तारखा असतात आणि बोलताना त्या सर्रास एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली तारीख उत्पादनाची: अमुक आवृत्तीला कंपनी कधीपर्यंत दुरुस्त्या आणि सुरक्षा-पॅच देणार. दुसरी परीक्षेची: अमुक क्रमांकाची परीक्षा कधीपर्यंत देता येणार. तिसरी व्यक्तीच्या प्रमाणपत्राची: तिने मिळवलेली पात्रता कधीपर्यंत चालू धरली जाणार. या तीन तारखा एकत्र चालतीलच असे नाही. अझुर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या व्यवस्थापकासाठी 'अझुर अॅडमिनिस्ट्रेटर असोसिएट' नावाचे प्रमाणपत्र आहे. ते २०१८ मध्ये सुरू झाले तेव्हा AZ-100 आणि AZ-101 अशा दोन परीक्षा द्याव्या लागत. २०१९ मध्ये त्या दोन्हींच्या जागी AZ-103 ही एकच परीक्षा आली आणि २०२० मध्ये तिच्या जागी AZ-104. दोन-अडीच वर्षांत परीक्षेचे तीन अवतार झाले, पण प्रमाणपत्राचे नाव तेच राहिले. AZ-103 देऊन ते मिळवलेल्या माणसाची पात्रता ती परीक्षा बंद झाली म्हणून संपली नाही. तिच्यावर छापलेल्या तारखेलाच संपणार होती. उलट AZ-104 परीक्षा रोज घेतली जात असतानाही तीच परीक्षा देऊन मिळवलेले एखाद्याचे प्रमाणपत्र आज रात्री कालबाह्य होऊ शकते. परीक्षा बंद होणे आणि प्रमाणपत्राची मुदत संपणे या दोन घटना आहेत, आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

मुदतीविरुद्ध सर्वांत आधी येणारा युक्तिवाद पदवीचा असतो. विद्यापीठाने दिलेली बी.ई. चाळीस वर्षांनीही बी.ई.च राहते, मग परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळवलेल्या या कागदालाच मुदत का? उत्तर दोन्ही कागद कशाची साक्ष देतात यात आहे. पदवी सांगते की या माणसाने अमुक वर्षी अमुक अभ्यासक्रम पूर्ण केला. हे विधान भूतकाळाचे आहे, त्यामुळे ते कधी खोटे ठरत नाही. कंपनीचे प्रमाणपत्र मात्र वाचणाऱ्याला वर्तमानकाळात बोलल्यासारखे ऐकू येते: हा माणूस आमचे उत्पादन चालवू शकतो. आणि उत्पादन बदलले की हे विधान आपोआप खोटे ठरू लागते. याचा एक ठसठशीत दाखला अझुरमध्येच आहे. २०१८ साली AZ-100 ची तयारी करणारा विद्यार्थी पॉवरशेलमधून आभासी संगणक उभा करायला `New-AzureRmVM` ही आज्ञा शिकत असे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने आज्ञांचा नवा संच आणला आणि तेच काम करणारी आज्ञा `New-AzVM` झाली. जुना संच काही वर्षे सोबतीने चालला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी अधिकृतपणे निवृत्त झाला. याच काळात, २०२३ मध्ये, वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या अझुर अॅक्टिव्ह डिरेक्टरीचे नाव बदलून मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडी झाले. २०१८ मध्ये उत्तीर्ण झालेल्या आणि नंतर अझुरला हात न लावलेल्या माणसाची बुद्धी तितकीच तल्लख असेल, पण त्याने शिकलेल्या आज्ञा आता आधाराविना आहेत आणि पडद्यावरची नावे त्याला अनोळखी आहेत. तो काही महिन्यांत हे सारे पुन्हा शिकेलही. परंतु 'शिकू शकतो' हे विधान पदवीचे आहे; प्रमाणपत्राचे विधान 'येते' असे आहे.

मुदतीची गरज एवढ्याने सिद्ध होते, पण कोणतीही मुदत योग्य ठरत नाही. मुदत चुकीच्या गोष्टीला बांधली की काय होते याचा सर्वांत बोधप्रद प्रसंग २००० ते २००१ या काळात घडला. विंडोज २००० बाजारात आल्यावर मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की विंडोज एनटी ४.० वर एमसीएसई झालेल्यांनी ३१ डिसेंबर २००१ पर्यंत नव्या आवृत्तीच्या परीक्षा द्याव्यात, नाहीतर त्यांची पात्रता संपेल. सवलत म्हणून 70-240 ही परीक्षा ठेवली होती. विंडोज २००० च्या चार मुख्य परीक्षांचा अभ्यासक्रम तिच्यात एकत्र केला होता. जुन्या प्रमाणपत्रधारकांना ती विनामूल्य होती, पण आयुष्यात एकदाच देता येत होती. नापास झाले की चारही परीक्षा पैसे भरून वेगवेगळ्या द्यायच्या. यावर मोठी नाराजी उसळली आणि तिच्यामागे तर्क होता. कार्यालयांतले सर्व्हर अजून एनटी ४.० वरच चालत होते. खुद्द मायक्रोसॉफ्ट त्या सर्व्हरला २००४ च्या अखेरीपर्यंत आधार देणार होती. म्हणजे यंत्र आणखी तीन वर्षे कामावर राहणार होते, आणि ते चालवणाऱ्याची पात्रता मात्र आधीच रद्द होणार होती. ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने निर्णय फिरवला. जुनी पात्रता रद्द न करता तिच्यापुढे आवृत्तीचे नाव जोडले गेले: एनटी ४.० वरचा एमसीएसई वेगळा, विंडोज २००० वरचा वेगळा. दोघेही आपापल्या जागी खरे राहिले.

या माघारीतून मुदतीला एक पर्याय पुढे आला, आणि तो आजही जिवंत आहे. प्रमाणपत्रावर एक तर संपण्याची तारीख हवी किंवा आवृत्तीचे नाव हवे. ओरॅकलची जावा प्रमाणपत्रे दुसऱ्या वाटेने चालतात: 'जावा एसई ८' चे प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही, कारण ते जावा ८ च्या पलीकडे काही दावाच करत नाही. व्हीएमवेअरने दोन्ही वाटा चालून पाहिल्या. मार्च २०१४ मध्ये तिने व्हीसीपी या प्रमाणपत्राला दोन वर्षांची सक्तीची मुदत लावली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती सक्ती काढून टाकली. त्यानंतर प्रमाणपत्राच्या नावातच वर्ष आले, म्हणजे ते किती जुने आहे हे वाचणाऱ्याला कळावे आणि निर्णय त्याने घ्यावा. ही वाट सरळ आहे, तिच्यात कुणाचा अपमान नाही. पण तिला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे वाचणाऱ्याला आवृत्त्यांचे ज्ञान लागते. मनुष्यबळ विभागातल्या, तंत्रज्ञ नसलेल्या व्यक्तीला जावा ८ आणि जावा १७ यांत किती अंतर आहे हे कळेलच असे नाही. दुसरी अधिक गंभीर: क्लाउडला आवृत्तीच नसते. अझुर किंवा एडब्ल्यूएसच्या ग्राहकाला जुनी आवृत्ती जपून ठेवण्याची सोय नाही. बदल कंपनीच्या बाजूने होतो आणि सगळ्यांवर एकदम लागू होतो. जिथे आवृत्ती नाही तिथे दाव्याला सीमा घालायला तारखेशिवाय दुसरे साधन उरत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ पासूनच्या कार्यभूमिकेवर आधारित प्रमाणपत्रांना सुरुवातीपासूनच मुदत होती आणि तिच्याच जुन्या विंडोज सर्व्हर प्रमाणपत्रांना आवृत्तीचे नाव पुरत होते, हा फरक यातूनच आलेला आहे.

आणखी एका प्रकारात तर आवृत्ती असूनही नाव पुरेसे पडत नाही. रेड हॅटचे आरएचसीई हे लिनक्स क्षेत्रातले मानाचे प्रमाणपत्र. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ पर्यंतच्या EX300 परीक्षेत उमेदवाराला एका यंत्रावर सेवा हाताने उभ्या करून दाखवाव्या लागत: फाइल सर्व्हर, डेटाबेस, फायरवॉल वगैरे. एंटरप्राइझ लिनक्स ८ बरोबर २०१९ मध्ये EX294 ही परीक्षा आली, आणि तिचा गाभा अॅन्सिबल या साधनाने अनेक यंत्रांवरचे काम स्वयंचलित करणे हा झाला. नाव तेच, अक्षरे तीच, पण कसब वेगळे. २०१५ चा आरएचसीई आणि २०२३ चा आरएचसीई एकाच मुलाखतीला आले तर दोघांकडून वेगळ्या अपेक्षा ठेवाव्या लागतील. रेड हॅटने या प्रमाणपत्राला तीन वर्षांची मुदत ठेवली आहे, आणि नाव कायम ठेवून आशय बदलायचा असेल तर अशी मुदत ठेवणे प्रामाणिकपणाचेच आहे. नाहीतर एका नावाखाली दोन वेगळे दावे कायमचे फिरत राहिले असते.

आता नूतनीकरण प्रत्यक्षात कसे चालते ते एका कल्पित, पण नियमांना धरून असलेल्या उदाहरणातून पाहू. समजा, एका उमेदवाराने १० मार्च २०२५ रोजी AZ-104 परीक्षा हजारपैकी किमान ७०० गुण मिळवून पार केली. ३० जून २०२१ पासून मायक्रोसॉफ्टच्या अशा प्रमाणपत्रांची मुदत दोन वर्षांवरून एक वर्षावर आणली गेली आहे, म्हणून त्याचे प्रमाणपत्र मार्च २०२६ मध्ये संपणार. मुदतीच्या सहा महिने आधी, म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्ये, नूतनीकरणाची खिडकी उघडते. त्यासाठी केंद्रावर जायचे नसते, शुल्क भरायचे नसते. मायक्रोसॉफ्ट लर्न या संकेतस्थळावर एक छोटी चाचणी द्यायची असते. ती मूळ परीक्षेची पुनरावृत्ती नसते. मधल्या काळात त्या भूमिकेत जे बदलले त्यावर तिचा भर असतो. पहिल्या प्रयत्नात जमले नाही तर दुसरा लगेच करता येतो, त्यानंतर दर वेळी २४ तास थांबायचे. उमेदवाराने ही चाचणी सप्टेंबरातच पार केली तरी त्याची नवी मुदत सप्टेंबर २०२६ अशी होत नाही. मूळ तारखेला एक वर्ष जोडले जाते, म्हणजे मार्च २०२७. लवकर चाचणी दिल्याने एकही दिवस वाया जात नाही. त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात काहीही फायदा नाही. आणि मार्च २०२६ ची ती तारीख ओलांडली तर सवलतीचा कालावधी नाही. नूतनीकरणाची वाट बंद होते आणि AZ-104 ही मूळ परीक्षा पुन्हा पैसे भरून, निरीक्षकाच्या देखरेखीखाली द्यावी लागते. फंडामेंटल्स या प्राथमिक पातळीच्या प्रमाणपत्रांना हे सारे लागू नाही. त्यांना मुदत नसते, कारण ती क्लाउडच्या संकल्पनांवर असतात, रोज बदलणाऱ्या तपशिलांवर नसतात.

नियम इतका सोपा असूनही प्रमाणपत्रे चुकून संपतात, आणि त्यामागे ज्ञानाचा अभाव क्वचितच असतो. सर्वाधिक घोळ खात्याचा होतो. उमेदवार परीक्षेची नोंदणी नोकरीच्या ठिकाणच्या ईमेल खात्याने करतो. वर्षभरात तो नोकरी बदलतो, जुने खाते बंद होते, आणि नूतनीकरणाच्या सूचना कुणीही न उघडणाऱ्या टपालपेटीत पडत राहतात. नव्या खात्याने आत शिरल्यावर तिथे कोणतेही प्रमाणपत्र दिसत नाही, म्हणून नूतनीकरणाचे बटणही दिसत नाही. हे टाळायचे तर पहिल्याच परीक्षेपासून वैयक्तिक खाते वापरावे, आणि दोन खाती झालीच असतील तर मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी ती जोडून घ्यावीत. दुसरा घोळ प्रमाणपत्रच निवृत्त होण्याचा. कंपनी एखादी भूमिकाच बंद करते तेव्हा त्या निवृत्तीच्या तारखेनंतर नूतनीकरण होत नाही. तोपर्यंत मिळालेली मुदत संपली की विषय संपला. खिडकी उघडल्याबरोबर चाचणी देणारा माणूस अशा वेळी जास्तीचे वर्ष पदरात पाडून घेतो, थांबणाऱ्याला ते मिळत नाही. पुणे, मुंबई, बंगळुरू इथल्या सेवा कंपन्यांत दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्यांसाठी या दोन गोष्टी अभ्यासाइतक्याच कामाच्या आहेत.

सिस्कोची पद्धत याहून वेगळ्या विचाराने बांधलेली आहे. तिथे सीसीएनए असो, सीसीएनपी असो किंवा सर्वोच्च सीसीआयई असो, मुदत तीन वर्षांची. सीसीआयईची मुदत आधी दोन वर्षांची होती; २४ फेब्रुवारी २०२० रोजी सिस्कोने सगळी रचना बदलली तेव्हा तीही तीन वर्षांवर आली. नूतनीकरणाला दोन वाटा आहेत. एक, परीक्षा: आपल्या पातळीची किंवा वरच्या पातळीची ठरलेली परीक्षा उत्तीर्ण व्हायची. सीसीएनएवाल्याने व्यावसायिक पातळीची एक परीक्षा पार केली की त्याचे सीसीएनए त्या दिवसापासून पुढे तीन वर्षे वाढते. म्हणजे वर चढणाऱ्याला खालच्या पायरीसाठी पुन्हा वेगळे काही करावे लागत नाही. जागीच थांबलेल्यालाच तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागते. दुसरी वाट निरंतर शिक्षणाच्या क्रेडिटची: मान्यताप्राप्त अभ्यासक्रम, प्रशिक्षण वगैरेंमधून सीसीएनएसाठी ३०, सीसीएनपीसाठी ८० आणि सीसीआयईसाठी १२० क्रेडिट तीन वर्षांत जमवायचे. अभ्यासक्रम मुदतीच्या शेवटी पूर्ण करून उपयोग नसतो. क्रेडिटची नोंद सादर होऊन ती मंजूर व्हावी लागते, आणि त्यात दिवस जातात. इथेही मुदत संपली तर पुन्हा पहिल्यापासून. सीसीएनएची आजची परीक्षा 200-301 आहे आणि तिचे शुल्क ३०० डॉलर. आपल्याकडच्या नवख्या अभियंत्याच्या पगाराशी ताडून पाहिले तर मुदत चुकण्याची किंमत किती मोठी आहे हे कळते. तीन वर्षांचा कालावधी नेटवर्किंगला शोभतो, कारण राउटिंगची मूलतत्त्वे क्लाउडच्या पडद्यांइतकी झपाट्याने बदलत नाहीत. तरीही ती स्थिर नाहीत: २०२० च्या रचनेत सीसीएनएच्या अभ्यासक्रमात स्वयंचलन आले, आणि परीक्षेचा क्रमांक तोच ठेवून २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या सुधारित अभ्यासक्रमात टेराफॉर्मसारखी साधने आणि मशीन लर्निंगची ओळखही आली.

इथे सर्वांत जुना आक्षेप घ्यायला हवा: हा सगळा पैसे उकळण्याचा धंदा आहे. परीक्षा शुल्काच्या बाबतीत हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही, पण त्याने पूर्ण स्पष्टीकरण मिळत नाही. नूतनीकरणातून थेट कमाई हाच हेतू असता तर मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये ते विनामूल्य केले नसते. कंपनीचा खरा स्वार्थ दुसरीकडे आहे आणि तो शुल्कापेक्षा मोठा आहे. मायक्रोसॉफ्ट, सिस्को, एडब्ल्यूएस यांची उत्पादने बहुतांशी भागीदार कंपन्यांमार्फत विकली आणि बसवली जातात. भागीदाराला वरचा दर्जा हवा असेल तर त्याच्याकडे प्रमाणित माणसे लागतात, आणि ती मोजताना फक्त चालू प्रमाणपत्रे धरली जातात. मुदत असल्यामुळे हजारो भागीदार कंपन्यांतला अभियंता दर वर्षी किंवा तीन वर्षांनी नव्या उत्पादनाकडे वळवला जातो, तोही बव्हंशी भागीदाराच्या खर्चाने. विकणाऱ्यांचे सैन्य नेहमी नव्या मालाशी परिचित राहते. २०२१ मध्ये हा हेतू उघड दिसला. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २०१६ च्या परीक्षा बंद केल्या आणि लोकांना अझुरकडे वळायला सांगितले, तेही त्या सर्व्हरचा आधार १२ जानेवारी २०२७ पर्यंत असताना. ग्राहकांच्या तळघरांत सर्व्हर होतेच. वर्ष संपायच्या आत कंपनीला विंडोज सर्व्हरसाठी AZ-800 आणि AZ-801 अशा दोन नव्या परीक्षा जाहीर कराव्या लागल्या. २००१ च्या माघारीपासून वीस वर्षांनी तोच धडा पुन्हा गिरवला गेला: प्रमाणपत्राची किंवा परीक्षेची तारीख उत्पादनाच्या आयुष्याऐवजी विक्रीच्या धोरणाला बांधली की ती टिकत नाही. आक्षेपातला खरा भाग एवढा, आणि तो मान्य करायला हवा.

दुसरा आक्षेप बरोबर उलट्या दिशेने येतो. घरी बसून, निरीक्षकाशिवाय, हवी ती माहिती समोर उघडून दिलेल्या चाचणीने पात्रता वाढत असेल, तर त्या वाढीला अर्थ काय? या आक्षेपात वजन आहे. अशा चाचणीला कुणी दुसऱ्याला बसवले तर ते पकडायला काही साधन नाही. पण चाचणीचे काम काय आहे ते पाहिले पाहिजे. उमेदवार तोच आहे आणि त्याला येते, ही साक्ष मूळ परीक्षेने निरीक्षकासमोर दिली आहे. नूतनीकरणाकडून अपेक्षा इतकीच की गेल्या वर्षात काय बदलले हे त्याने वाचले असावे. बदल वाचायला लावणे हे काम उघड्या पुस्तकाची चाचणी व्यवस्थित करते. कारण उत्तर शोधण्यासाठी का होईना, माणूस नवी नावे आणि नव्या आज्ञा पाहतो. त्यामुळे मायक्रोसॉफ्टचे दर वर्षी नूतनीकरण झालेले प्रमाणपत्र म्हणजे 'एकदा कसून तपासलेला आणि नंतर माहितीत राहिलेला माणूस' असे वाचावे. तीन वर्षांनी पुन्हा केंद्रावर परीक्षा देऊन सीसीएनए टिकवलेला माणूस 'दोनदा कसून तपासलेला' असतो, मात्र मधल्या तीन वर्षांत त्याने काय वाचले याची नोंद नसते. दोन्ही साक्षी उपयोगाच्या आहेत, पण त्या एकच नाहीत, आणि नोकरी देणाऱ्याने त्यांना एकाच मापाने मोजू नये.

शेवटचा आक्षेप अनुभवी माणसांचा असतो आणि तो सर्वांत सन्माननीय आहे: पंधरा वर्षे नेटवर्क सांभाळणाऱ्याने तीन वर्षांनी परीक्षा का द्यावी? खरे तर त्याने ती द्यावीच असे नाही. मुदत संपलेले प्रमाणपत्र म्हणजे अज्ञानाचा पुरावा नाही. त्याचा अर्थ इतकाच की त्या तारखेनंतर कंपनी त्याच्यासाठी जामीन राहत नाही. ज्याचे काम समोर दिसते त्याला जामीनदार लागत नाही. त्याच संस्थेत, त्याच सर्व्हरवर काम करणाऱ्याने आपली जुनी पात्रता निःसंकोच गळू द्यावी आणि बायोडेटात ती मिळवल्याच्या वर्षासह प्रामाणिकपणे लिहावी. जामीन लागतो तो अनोळखी माणसापुढे: निविदेत प्रमाणित अभियंत्यांची अट असते तेव्हा, परदेशी ग्राहक नावांची यादी मागतो तेव्हा, किंवा वीस वर्षे एकाच यंत्रणेवर काम केलेला माणूस क्लाउडकडे वळू पाहतो तेव्हा. चूक तेव्हा होते, जेव्हा नोकरी देणारा या दोन प्रसंगांतला फरक विसरतो आणि चालू प्रमाणपत्र नाही म्हणून अनुभवी माणसाला गाळतो, किंवा प्रमाणपत्र चालू आहे म्हणून अननुभवी माणसाच्या हाती रात्रीची यंत्रणा सोपवतो. हा दोष मुदतीचा नसून वाचणाऱ्याचा आहे.

तेव्हा एखाद्या प्रमाणपत्राची मुदत रास्त आहे की नाही हे ठरवायला दोन कसोट्या पुरतात. ती मुदत त्या वस्तूच्या बदलण्याच्या वेगाशी जुळते का? आणि नूतनीकरण बदललेल्या भागाबद्दल विचारते, की सगळी परीक्षा पुन्हा विकते? क्लाउडला एक वर्ष आणि बदलांवरची विनामूल्य चाचणी, या दोन्ही कसोट्यांवर मायक्रोसॉफ्टची आजची पद्धत तिच्या २००० सालच्या घोषणेपेक्षा कितीतरी चांगली आहे. चालू सर्व्हरवरची पात्रता किंवा परीक्षा आधीच बंद करण्याची तिची सवय मात्र पहिल्या कसोटीवर दोनदा नापास झाली. सिस्कोची मुदत विषयाला साजेशी आहे, पण वर चढू न इच्छिणाऱ्याला तिची किंमत जड जाते. परीक्षेला बसण्यापूर्वी वाचकाने एवढे करावे: ज्या उत्पादनावर परीक्षा आहे त्याचा आधार कधी संपतो, परीक्षेची ही आवृत्ती कधी बंद होणार आणि मिळणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत किती, या तीन तारखा कंपनीच्या पानावरून एका कागदावर उतरवाव्यात, नोंदणी वैयक्तिक खात्याने करावी, आणि नूतनीकरणाची खिडकी उघडेल ती तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. शुल्क त्यानंतर भरावे.